पोचलीस का नव्या वर्षात?

इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात येऊन मला चार महिने झाले होते, तेव्हा मी माझ्या मैत्रिणीला नववर्षाच्या शुभेच्छा द्यायचं ठरवलं. हिशेबखात्यात ती माझ्या समोरच्या टेबलाला बसते आणि माझ्या व्हाउचरांवरच्या चुका तिला पेन न उचलता दिसतात. अशा बाईला तिच्याच भाषेत, म्हणजे अम्हारिकमध्ये, तिच्याच सणाला एक ओळ पाठवावी, एवढीच इच्छा होती. त्या एका ओळीला मला तीन नववर्षं लागली.

इथलं नवं वर्ष सप्टेंबरात येतं. पाऊस ओसरतो, माळावर ‘अदेय अबेबा’ नावाची पिवळी रानफुलं उठतात आणि ‘मेस्केरेम’ महिन्याची १ तारीख उजाडते. सणाला ‘एन्कुताताश’ म्हणतात. वर्षाचा आकडा आपल्या कॅलेंडरपेक्षा सात-आठने मागे असतो, म्हणजे २०२३च्या सप्टेंबरात इथे २०१६ लागलं. याचं मला काही वाटलं नाही. ज्याच्या घरच्या पंचांगात तेव्हा शके १९४५ चालू होतं, त्यानं दुसऱ्याला मागासलेलं म्हणू नये.

मजकुरासाठी मी आमच्या इमारतीच्या ‘झबेन्या’ला, म्हणजे पहारेकऱ्याला गाठलं. त्यानं छातीवर हात ठेवून मला शुभेच्छा देऊन दाखवल्या : “एन्क्वान अदर्रेसेह!” मी ते वहीत उतरवून घेतलं, चहा पिता पिता घोकलं आणि ११ सप्टेंबरला सकाळी सात वाजता पाठवून दिलं. तारीख गूगलवर पाहिली होती. सगळीकडे ११ सप्टेंबरच लिहिलं होतं.

उत्तर आलं : “मी अजून वाटेतच आहे. आणि मी पुरुष नाही.”

दोन्ही चुका मला ऑफिसात समजावून देण्यात आल्या, व्हाउचरावरच्या चुका समजावतात त्याच आवाजात.

पहिली चूक तारखेची. इथे तीस-तीस दिवसांचे बारा महिने असतात आणि उरलेल्या पाच दिवसांचा तेरावा महिना, ‘पागुमे’. दर चौथ्या वर्षी पागुमे सहा दिवसांचा होतो, आणि तो जादा दिवस आपल्या २९ फेब्रुवारीच्या आधीच्या सप्टेंबरात पडतो. २०२४ लीप वर्ष, म्हणून २०२३ मध्ये नवं वर्ष १२ तारखेला. मी शुभेच्छा दिल्या तो दिवस होता ‘पागुमे ६’, चार वर्षांतून एकदा येणारा. तेवढा एक दिवस मी अचूक गाठला होता.

पण ती ‘वाटेत’ का होती? तर ‘अदर्रेसे’ म्हणजे ‘त्यानं पोचवलं’. ‘एन्क्वान’ म्हणजे ‘बरं झालं बाई’ असा सुटकेचा उद्गार. बाळंतिणीला, प्रवासाहून आलेल्या पाहुण्याला, सगळ्यांना आधी ‘एन्क्वान’. म्हणजे ही शुभेच्छा पुढच्या वर्षाबद्दल नाहीच, मागच्या वर्षाबद्दल आहे : बरं झालं, त्यानं तुला इथवर आणून पोचवलं. ‘तो’ कोण हे वाक्यात कुठेच येत नाही आणि कुणी विचारतही नाही. आपल्याकडे एस.टी.तून उतरल्या उतरल्या घरून फोन येतो ना, “पोचलास का सुखरूप?”, त्यातलाच हा प्रकार. आणि मी गाडी अजून खंबाटकी घाटात असतानाच “पोचलीस, बरं झालं” म्हणून मोकळा झालो होतो.

दुसरी चूक शेवटच्या अक्षराची. ज्याला पोचवलं तो क्रियापदाच्या शेपटीला बांधलेला असतो. पुरुष असेल तर ‘ह’, बाई असेल तर ‘श’. झबेन्या मला शुभेच्छा देत होता, म्हणून तो ‘अदर्रेसेह’ म्हणाला. मी मैत्रिणीला पाठवायला हवं होतं ‘अदर्रेसेश’. खरं तर ‘आलास’ आणि ‘आलीस’ यात जन्म गेलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. पण परक्या भाषेत आपण आपल्याला जे म्हणतात तेच शिकतो. पुण्यात भाजी घेणारे कितीतरी परप्रांतीय पुरुष भाजीवाल्या मावशींकडून मराठी शिकून “मी येते” म्हणत हिंडत असतात. मी त्यांना हसलेलो आहे. ते फिटलं.

पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, मी तयारीत होतो. तारीख ११, प्रत्यय ‘श’. पण तिनं सकाळी माझ्या आधी फोन केला. “एन्क्वान अदर्रेसेह!” माझी सगळी तयारी आपण बोलायची होती, ऐकायची नव्हती. मी म्हणालो, “अमेसेगिनालेहु.” म्हणजे आभारी आहे.

पलीकडे शांतता. “तिळगूळ घ्या, गोड बोला” यावर एखादा “थँक यू” म्हणाला तर जी पसरते, तसली.

मग तिनं मला उत्तर शिकवलं : “एन्क्वान अब्रो अदर्रेसेन.” अब्रो म्हणजे बरोबरीनं, एकत्र. शेवटचा ‘न’ म्हणजे आपल्याला. बरं झालं, त्यानं आपल्याला बरोबरच पोचवलं. समोरचा म्हणतो तू पोचलास, आपण म्हणायचं अहो, एकाच गाडीत तर होतो.

हे उत्तर अर्थासाठी सुंदर असेलही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते व्याकरणासाठी. ‘आपल्याला’ म्हटलं की स्त्री, पुरुष, लहान, थोर, एक, अनेक सगळे एकाच ‘न’मध्ये बसतात. चुकायला जागाच नाही! मी तिथल्या तिथे धोरण ठरवलं : आज कुणालाही आपण होऊन शुभेच्छा द्यायच्या नाहीत. समोरच्याला आधी बोलू द्यायचं आणि उत्तर ठोकून द्यायचं.

धोरण दुपारपर्यंत टिकलं. झबेन्या, दुकानदार, जिन्यातले शेजारी, सगळ्यांसमोर मी अर्धवट हसत, भुवया उंचावून उभा राहत होतो. शेवटी तेच बोलायचे आणि मी लगेच “अब्रो अदर्रेसेन!” मग दारात सात-आठ मुली आल्या. पांढरे पोशाख, हातात पिवळ्या फुलांच्या जुड्या. एक जण ‘अबेबायेहोश’ म्हणते, बाकीच्या ‘लेमलेम’ म्हणून झेलतात, टाळ्या पडतात, गाणं संपलं की पैसे द्यायचे. त्यांनी गाणं म्हटलं, शुभेच्छा काही आधी म्हणेनात. पैसे देताना गप्प राहणं बरं दिसेना, म्हणून मी ‘अदर्रेसेश’ म्हणालो. आठ मुलींना एकवचनी. पुढची मुलगी मागे वळून पाहायला लागली, की आपल्यातली नेमकी कोण पोचली? अनेकांना ‘अदर्रेसाच्चिहु’ म्हणतात, हे मला त्यातल्या सगळ्यात धाकटीनं सांगितलं.

दुपारी मैत्रिणीच्या घरी जेवायला बोलावलं होतं. जमिनीवर हिरवं ओलं गवत पसरलेलं, ‘केतेमा’ म्हणतात त्याला. कोपऱ्यात कॉफी भाजल्याचा धूर. समोर तिची आई. थोरांसमोर धाकट्यानंच आधी बोलायचं असतं, हे काही मला शिकवावं लागलं नाही. धोरण दारातच संपलं. थोरांसाठी शेवटी ‘वोत’ लागतो, ‘अदर्रेसेवोत’, हे मी रिक्षात बसून पन्नास वेळा म्हटलं होतं. गवतावर पाय पडला आणि तोंडातून गेलं ‘अदर्रेसेश’. म्हणजे, “काय गं, पोचलीस का?”

माउली हसली. उत्तर व्यवस्थित ‘अब्रो’चं दिलं आणि मग हात उचलून आशीर्वाद द्यायला लागली. इथे खऱ्या शुभेच्छा सुरू होतात, आधीची ती फक्त पोच. नवं वर्ष ‘ये-सेलाम, ये-तेना, ये-देस्ता’ होवो, म्हणजे शांतीचं, आरोग्याचं, आनंदाचं. त्यांचा ‘चा-ची-चे’ शब्दाच्या आधी येतो. शेवटी, ‘अमेत अमेत यादरिसेन’. तेच पोचवणारं क्रियापद, आता मागण्याच्या रूपात : वर्षामागून वर्ष त्यानं आपल्याला पोचवत राहावं. प्रत्येक तुकड्यानंतर घरादारानं “आमेन” म्हणायचं. मला ताल सापडला आणि मी रंगात आलो. त्या काहीतरी म्हणाल्या, मी खणखणीत “आमेन” म्हणालो. बाकी कुणीच म्हणालं नाही. त्यांनी कॉफीत साखर किती, एवढंच विचारलं होतं.

गेल्या वर्षी, म्हणजे ११ सप्टेंबर २०२५ला, इथल्या २०१८च्या पहिल्या सकाळी, माझा मजकूर एकदाचा गेला. तुमच्यापैकी कुणावर वेळ आली तर जसाच्या तसा देतो, मैत्रिणीसाठी आहे : “मेल्काम अद्दिस अमेत! एन्क्वान अदर्रेसेश. अद्दिसु अमेत ये-सेलाम, ये-तेना, ये-देस्ता यिहुनिलिश.” नवं वर्ष चांगलं जावो, बरं झालं पोचलीस, हे वर्ष तुला शांतीचं, आरोग्याचं, आनंदाचं होवो. मित्र असेल तर दोन्हीकडचा ‘श’ काढून ‘ह’ लावा. दोन्हीकडचा. एक बदलून दुसरा विसरलात तर तो बाई म्हणून पोचतो आणि पुरुष म्हणून वर्ष काढतो, किंवा उलट. ‘र’ दुहेरी म्हणा. त्यांच्या लिपीत तो एकेरीच दिसतो, कारण द्वित्त लिहायची तिथे सोयच नाही. आपल्या बाराखडीसारखी त्यांची सातखडी आहे, पण जोडाक्षर माणसानं मनातल्या मनात जोडायचं.

तिचं उत्तर आलं, ‘अब्रो’चं. एकही दुरुस्ती नाही. मी त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवला आहे.

दुपारी पुन्हा त्याच घरी, त्याच गवतावर बसलो होतो. या वेळी ‘वोत’ही नीट गेला. तेवढ्यात साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला.

“कुठं बसलायस रे गवतात?”

“अगं, यांचं नवं वर्ष आहे. या माझ्या मैत्रिणीच्या आई.”

“पाडवा होय! मग गोडाधोडाचं काय केलंय?”

मी उत्तर देईपर्यंत फोन माझ्या हातातून त्या माउलीकडे गेला होता. त्यांनी पडद्यातल्या आईकडे पाहून, मान लववून, थोरांना म्हणतात तसं सावकाश म्हटलं, “एन्क्वान अदर्रेसेवोत.”

“काय म्हणतायत रे?”

“विचारतायत, सुखरूप पोचलात ना नव्या वर्षात.”

आईनं चष्मा सारखा केला. “हो हो,” ती पडद्यात अगदी जवळ येऊन मोठ्यानं म्हणाली, “पोचलो की! तुम्ही आम्ही सगळी बरोबरच पोचलो.”

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं. तिनं ते आईला सांगितलं. माउलीनं एकदा फोनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काहीतरी म्हणाली.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“आई म्हणते, यांना किती वर्षं झाली इथे येऊन?”