आधी काटा बघा

मी पूर्वी अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये होतो, ही एकच गोष्ट आमच्या नातेवाइकांनी माझ्याबद्दल लक्षात ठेवली आहे. वाढदिवस विसरतील, पण डॅशबोर्डवर काही पेटलं की फोटो मलाच येणार. खाली मजकूर ठरलेला : 'हे काय आहे? अर्जंट!'

डिसेंबरात गंगापूर रोडच्या आत्याचा पहाटेच फोटो येतो. निळा थर्मामीटर. "आत्या, इंजिन अजून गारठलेलंय, एवढंच. जरा सावकाश चालवा, थोड्या वेळात जाईल." यावर आत्याचा प्रश्न : "मग दिवा कशाला देतात मेले?" याचं उत्तर वर्कशॉपमध्येही कुणाकडे नव्हतं.

परवा मात्र मेहुण्याचा फोटो आला आणि बायको माझ्या खांद्यावरून डोकावू लागली. लाल ऑइलचा कॅन, लाल बॅटरी, पिवळं इंजिन, अजून चार-पाच चिन्हं. सगळा डॅशबोर्ड दिवाळीसारखा उजळलेला. पाठोपाठ फोन : "दाजी, गाडी गेली!"

असा फोटो आला की मी दिव्यांकडे बघतच नाही. आधी आरपीएमचा काटा बघतो. तो शून्यावर होता. म्हणजे गड्याने इंजिन बंद केलं आणि फोटो काढायला नुसती चावी फिरवली. चावी ऑन केली की गाडी बरेचसे दिवे पेटवून दाखवते, ते जिवंत आहेत हे कळावं म्हणून. इंजिन चालू झालं की ते विझायला हवेत. ऑइल आणि बॅटरीचे तर इंजिन बंद असेपर्यंत पेटलेलेच राहतात. त्यामुळे असल्या फोटोवरून एवढंच कळतं की बल्ब शाबूत आहेत.

"इंजिन चालू असताना कुठला पेटला होता?"

"तो कॅनसारखा, थेंब पडतोय तो. कसारा घाटात वळणावर लागायचा, सरळ रस्त्यावर जायचा. मग म्हटलं, वर चढून इगतपुरीला थांबू."

"रंग?"

"फोटोत बघा की!"

फोटोतल्या रंगावर माझा भरवसा नाही. अंधारात मोबाइल पिवळ्याचाही लाल करून टाकतो. शिवाय दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे, हे फोटोत दिसत नाही आणि नेमका तिथेच फरक असतो. पिवळं इंजिन स्थिर पेटलेलं असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तर एक-दोन दिवसांत गॅरेजला दाखवलं तरी चालतं. पेट्रोल गाडीत तेच लुकलुकायला लागलं, तर बहुतेक मिसफायर. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा डबा भाजून निघतो. अशा वेळी एक्सिलरेटर सोडायचा आणि गाडी बाजूला घ्यायची.

पण पुन्हा विचारल्यावर मेहुण्याचा दिवा लालच निघाला, आणि ऑइलचा लाल दिवा उद्यावर ढकलता येत नाही. हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलला दाब नाही हे सांगतो. दाब गेला की क्रँकच्या बेअरिंगमधला तेलाचा पातळ थर जातो, धातूवर धातू घासतो आणि इंजिन जाम व्हायला मग फार वेळ लागत नाही. वळणावर लागून सरळ रस्त्यावर जाणारा दिवा म्हणजे बहुतेक चेंबरमध्ये ऑइल इतकं कमी, की वळणावर ते एका बाजूला पळतं आणि पंप हवा ओढतो.

"आता स्टार्ट करू नकोस. गाडी सपाटीला आहे ना?"

"हॉटेलसमोर आहे. चहा सांगितलाय."

"उत्तम. चहा होईपर्यंत ऑइल खाली उतरू दे. मग डिपस्टिक काढ, पूस, पुन्हा पूर्ण घाल आणि काढून बघ."

तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर दोन जणांनी लिंबू-मिरची सुचवली होती आणि एका काकांनी तर गाडी विकायचा सल्ला दिला.

डिपस्टिकचा फोटो आला. हा फोटो मात्र कामाचा होता : ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, जेमतेम टोकाला लागलेलं. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल आणायला सांगितलं. अर्धा लिटर ओतायचं, थांबायचं, मोजायचं, मग पुन्हा थोडं. वरच्या खुणेच्या पुढे जायचं नाही. जास्त झालं तरी त्रासच.

"आता स्टार्ट कर. काही सेकंदांत कॅन विझला नाही तर लगेच बंद कर, आणि टोइंगवाल्याला बोलव. ऑइल बरोबर असूनही दिवा राहिला, तर पंप किंवा सेन्सर बघावा लागेल. ते रस्त्यावर उभं राहून ठरवायचं काम नाही."

विझला. "पण गाडी उद्याच गॅरेजला टाक," मी म्हटलं. "ऑइल गळतंय की जळतंय, ते कळलं पाहिजे."

"हो दाजी," म्हणाला आणि लगेच नवा फोटो. काटा आठशेवर, कॅन गायब, पण गोलात उद्गारचिन्ह, लालभडक. "दाजी, आता हा कुठला?"

"हँडब्रेक खाली कर. खाली करूनही राहिला, तर ब्रेक ऑइल बघावं लागेल. मग तिथून हलूच नकोस."

दोन मिनिटं काहीच आलं नाही. मग बायकोच्या फोनवर मेसेज आला : 'ताई, गेला. दाजींना सांगू नको, हँडब्रेकच होता.'