त्याच पैशात पीएस५ की पीसी? पाच वर्षांनंतरचा हिशोब

बारावीचे निकाल लागले की आणि दिवाळीचा बोनस झाला की हा प्रश्न हमखास येतो. "दादा, पन्नास हजार आहेत, पीएस५ घेऊ की पीसी असेंबल करू?" खाली कॉमेंटमध्ये दोन्ही बाजूंचे भक्त भांडायला लागतात आणि भांडण फ्रेमरेटवर जाऊन अडकतं. घेतलेल्या दिवशी कोण पुढे आहे यात मला फारसा रस नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी नवा गेम आला की तो त्या डब्यावर धड चालतो का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एक प्रत्यक्ष जोडी घेऊ. पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, डिस्कवाला ४९,९९० रुपयांना. त्याच्या आसपासच्या काळात, थोडी ओढाताण करून पन्नास-पंचावन्न हजारांत लोक जो पीसी जोडत होते तो साधारण असा: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी आणि जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर वेगळा, कारण पीएस५ घरच्या टीव्हीला लागतो. (क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी कार्डं उचलायला सुरुवात केल्यावर हे बजेटही कोलमडलं, ती गोष्ट वेगळी.)

या पीसीचा प्रोसेसर पीएस५ पुढे कमी पडत नाही. दोन्हीकडे एएमडीची झेन २ हीच रचना आहे. कन्सोलमध्ये आठ कोअर, पीसीत सहा, पण पीसीतले जास्त क्लॉकवर पळतात. त्यामुळे तिथे बरोबरी धरा. ग्राफिक्सची ताकद मात्र पीएस५ कडे जवळपास दुप्पट, आणि हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ताकद कमी असली तर सेटिंग खाली आणता येतात, १०८०पी वर खेळता येतं. खरी अडचण आली मेमरीची.

पीएस५ मध्ये १६ जीबी मेमरी एकत्र आहे, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांची मिळून. सिस्टिमचा वाटा वजा जाता गेमला साधारण साडेबारा जीबी मिळते आणि गेम बनवणारे तेवढी गृहीत धरून टेक्स्चर, म्हणजे भिंती, कपडे, चेहरे यांवर चढवायची चित्रं, भरतात. पीसीत १६ जीबी रॅम दिसते खरी, पण टेक्स्चर लागतात ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, आणि १६६० सुपरकडे ती आहे ६ जीबी. ती भरली की उरलेला माल मदरबोर्डावरच्या रॅममध्ये जातो आणि लागेल तेव्हा पीसीआय स्लॉटमधून ओढून आणावा लागतो. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ३३६ जीबी देते. बी४५० वरचा स्लॉट देतो जेमतेम १६. एक्सप्रेसवेवरून थेट कच्च्या रस्त्यावर उतरल्यासारखं होतं.

हे ओळखायचं कसं? सरासरी फ्रेमरेट ठीक दिसतो, पण मान वळवली की किंवा नव्या भागात शिरलं की गेम अडखळतो. नाहीतर भिंती, कपडे, चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात आणि तसेच राहतात. तेव्हा टास्क मॅनेजर उघडून GPU च्या पानावर `Dedicated GPU memory` आणि `Shared GPU memory` हे दोन आकडे बघा. पहिला काठोकाठ भरलेला आणि दुसरा चढत चाललेला असेल तर रोग सापडला. अशा वेळी लोक रेझोल्यूशन कमी करत बसतात. त्याने थोडी जागा सुटते, पण आधी टेक्स्चर क्वालिटी खाली आणा, फरक तिथे पडतो.

ही फक्त स्वस्त कार्डांची रड नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०७० हे ग्राफिक्स कार्ड आलं, किंमत ४९९ डॉलर. म्हणजे अमेरिकेत अख्ख्या पीएस५ ला जेवढे पैसे तेवढे नुसत्या कार्डाला! ताकदीत ते पीएस५ पेक्षा सरस, पण मेमरी ८ जीबी. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' पीसीवर आला तेव्हा वरच्या टेक्स्चरवर हेच कार्ड गुदमरलं. पुढे पॅच येऊन सुधारणा झाली, पण कशाची कमतरता आहे ते तेव्हाच कळलं होतं.

दुसरा फटका सुविधांचा. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'ला हार्डवेअर रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करणारी कार्डातली सोय, लागतंच लागतं. १६६० सुपरमध्ये ते नाहीच, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणा, उपयोग नाही. गंमत म्हणजे आरएक्स ५७०० एक्सटी हे कार्ड नुसत्या ताकदीत पीएस५ च्या अगदी जवळचं, पण रे ट्रेसिंग नाही म्हणून तेही बाद. पीएस५ मात्र हा गेम निवांत चालवतो.

कन्सोल टिकतो तो हार्डवेअर जादुई असतं म्हणून नव्हे. कोट्यवधी लोकांकडे तोच डबा असतो, त्यामुळे गेम त्या डब्यात बसवावाच लागतो. २००६ च्या पीएस३ मध्ये २५६ अधिक २५६ एमबी मेमरी होती आणि त्यावर २०१३ साली 'जीटीए ५' चालला! पीएस४ आला २०१३ ला, आणि 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' त्यावर २०२२ मध्ये आला. नऊ वर्षं. मात्र पिढी बदलताना तोंडघशीही पडायला होतं. 'सायबरपंक २०७७' पीएस४ वर इतका वाईट चालला की सोनीने डिसेंबर २०२० मध्ये तो स्टोअरवरून काढून टाकला. अशा वेळी कन्सोलवाल्याच्या हातात काहीच नसतं. 'ड्रॅगन्स डॉग्मा २'च्या गर्दीच्या शहरात पीएस५ चा प्रोसेसर दमतो, पण तुम्ही काय करणार? पॅचची वाट बघणार.

इथे तो पीसी पुन्हा उभा राहतो. बी४५० बोर्ड २०१८ चे, पण बायोस अपडेट केल्यावर त्यांवर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो. प्रोसेसर बदलायची घाईही नाही. फक्त कार्ड बदला, आरटीएक्स ३०६० घ्या, १२ जीबीवालं, मधल्या काळात साधारण पंचवीस हजारांच्या आसपास मिळत होतं. मेमरीचा प्रश्न सुटतो, रे ट्रेसिंग येतं, आणि कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेमरेट वाढवणारं डीएलएसएस मिळतं, जे जुन्या आरटीएक्स कार्डांवरही वर्षागणिक सुधारत गेलंय. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, तेवढा आधी बघा. ज्यांनी दोन हजार वाचवायला लोकल ४५० वॉटचा घेतला होता, त्यांना आता तोही बदलावा लागेल.

म्हणून माझं मत असं. पन्नास हजार एकदाच खर्च करून सहा-सात वर्षं डोक्याला ताप नको असेल तर कन्सोल, डोळे झाकून. त्याच किमतीचा पीसी हा पहिला हप्ता समजा, चौथ्या वर्षाच्या आसपास वीस-पंचवीस हजारांचा दुसरा येणार. स्टीमच्या सेलमधली स्वस्ताई आणि ऑनलाइन खेळायला पीएस प्लसची वर्गणी नाही, यातून तो हप्ता बराचसा भरून निघतो, पण वर्षाला दोनच गेम घेणाऱ्याचा नाही निघत. शिवाय कॉलेजचं काम, कोडिंग, एडिटिंग त्याच पीसीवर होणार असेल तर तुलनाच वेगळी.

आणि आज नवा पीसी जोडताय, दुकानदार ८ जीबीचं नवंकोरं कार्ड "लेटेस्ट आहे" म्हणून गळ्यात मारतोय, तर एक पिढी जुनं पण १२ किंवा १६ जीबीचं काय आहे ते आधी विचारा.