लांब प्रश्नातले लपलेले मुद्दे: एका चराच्या निमित्ताने

“टॉर्टचा प्रश्न कितीही लांब असला तरी कर्तव्य, कर्तव्यभंग आणि नुकसान या तीन चौकटी भरा, दूरस्थतेसाठी वॅगन माउंड लिहा, आणि वादीने एखादा नियम मोडलेला दिसला की भरपाई कापा. बाकीचे तपशील गोंधळ घालण्यासाठी असतात.”

टॉर्ट म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा कायदा. त्याच्या परीक्षेसाठी हा सल्ला कायद्याच्या विद्यार्थ्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि त्यामुळे चांगल्या अभ्यासाचे गुण जातात, म्हणून तो एका काल्पनिक प्रश्नावर तपासून पाहू. ठेकेदाराने जलवाहिनीसाठी रस्त्यात चर खणून बॅरिकेड लावले, पण दिवा लावला नाही. दुपारी एका ट्रकचालकाने माल उतरवण्यासाठी बॅरिकेड सरकवले आणि तसेच सोडले. रात्री वादी मोटारसायकलवरून हेल्मेट न घालता, मागे दोघांना बसवून आला. त्याचा पुढचा दिवा तीन दिवसांपासून बंद होता. चाक चरात जाऊन त्याचा पाय मोडला, मात्र डोक्याला काहीही झाले नाही. त्याला मधुमेह असल्यामुळे जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखालून कापावा लागला. घरी आल्यावर तो कुबड्या घेऊन, कोणालाही न बोलावता, कठडा नसलेल्या जिन्याने गच्चीवर निघाला आणि पडून त्याचे मनगट मोडले.

तीन चौकटी ठेकेदारापुरत्या सहज भरतात, आणि त्यामुळेच ट्रकचालक नजरेतून सुटतो. वर्दळीच्या रस्त्यावरचे बॅरिकेड कोणीतरी हलवील हे ठेकेदाराला आधीच कळायला हवे होते, त्यामुळे ट्रकचालकाच्या कृतीने त्याची जबाबदारी संपत नाही; उलट दोघांच्या हयगयीतून एकच इजा झाली, असे म्हणावे लागते. ही संयुक्त हयगय झाली, आणि तिथे वादी पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाही एकाकडून मागू शकतो. मोटार अपघातांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये खेन्येई प्रकरणात हेच स्पष्ट केले. प्रश्नात तिसऱ्या माणसाने एखादी वस्तू हलवल्याचे साधे वाक्य आले, की तिथे थांबावे.

दूरस्थता म्हणजे कोणते नुकसान जबाबदारीच्या कक्षेबाहेर पडते हा प्रश्न. त्यावर वॅगन माउंडचा 1961 चा निर्णय एवढेच विचारतो की झालेल्या नुकसानीच्या प्रकाराची वाजवी पूर्वकल्पना करता आली असती का. चरात पडून शरीराला इजा होणे हा प्रकार उघड आहे. ती इजा किती वाढेल, हे आधी दिसण्याची गरज नाही. स्मिथ विरुद्ध लीच ब्रेन (1962) मध्ये ओठावर भाजलेल्या कामगाराला पुढे कर्करोग होऊन मृत्यू आला, तरी मालक जबाबदार ठरला. म्हणून मधुमेहाचा उल्लेख भरपाई कमी करत नाही, पाय कापावा लागल्याचे नुकसानही आत आणतो. मनगटाची गोष्ट वेगळी आहे. 1969 च्या मॅक्यू प्रकरणात दुबळ्या पायाचा माणूस आधाराशिवाय अवघड जिना उतरू लागला, आणि त्याच्या अवाजवी कृतीने मूळ हयगय आणि नंतरची इजा यांना जोडणारी कारणांची साखळी तुटली. त्याच वर्षीच्या वीलँड प्रकरणात मानेच्या पट्ट्यामुळे नीट न दिसणारी बाई जिन्यावरून पडली, तिला मात्र भरपाई मिळाली, कारण तिचे वागणे वाजवी होते. आपल्या वादीला गच्चीवर जाण्याची काही निकड होती का, हे प्रश्न सांगत नाही, म्हणून तो मॅक्यूच्या अधिक जवळ बसतो, असे माझे मत आहे.

सर्वाधिक चुका वादीच्या दोषाबाबत होतात, कारण नियमभंग आणि अंशदायी हयगय, म्हणजे वादीच्याच हयगयीने नुकसानीला हातभार लागणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रूम विरुद्ध बुचर (1976) मध्ये सीटबेल्टबद्दल ठरले, की बेल्टने इजा पूर्ण टळली असती तर 25 टक्के कपात, ती बरीच सौम्य झाली असती तर 15 टक्के, आणि काहीच फरक पडला नसता तर शून्य. हाच निकष लावला तर, इजा पायाला असल्याने, हेल्मेटपोटी कपात शून्य येते. तिघे बसल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मोहम्मद सिद्दीक प्रकरणात म्हटले, की त्याचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही. वजनामुळे ब्रेक लागला नाही असे सिद्ध झाले तर गोष्ट वेगळी, पण इथे तसे काही दिलेले नाही.

खरा दोष त्या बंद दिव्यात आहे, आणि प्रश्नात तो एकाच छोट्या वाक्यात येऊन जातो. दिवा चालू असता तर चर दिसला असता का, हे विचारावे लागते, आणि उत्तर बहुधा होकारार्थी येईल. म्हणून पाय मोडणे आणि कापावा लागणे या दोन्हींच्या भरपाईतून काही टक्के वजा होतील. नेमका आकडा वादाचा आहे, त्याची कारणे लिहावीत. मनगटाची इजा साखळीच्या आत धरली, तर त्या जिन्यावरची बेफिकिरी केवळ मनगटाच्या रकमेतून कापायची, पायाच्या रकमेतून नाही.