‘कोटा कधीच घसरत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

«विट्रिफाइड टाइल म्हणजे काच! ओली झाली की माणूस पडणारच. कोटा आणि मोझेक नैसर्गिक, ते कधीच घसरत नाहीत. टाइल घ्यायचीच असेल तर आर९ लिहिलेली घ्या, ती अँटी-स्किड असते. बसवलेल्या फरशीला पकड हवी असेल तर आठवड्यातून एकदा अ‍ॅसिडने धुवा. कोटा सगळ्यात स्वस्त आणि शंभर वर्षं टिकतो. पुढे पाठवा.»

हा मेसेज मावशीकडे पोचला आणि तिने बाथरूमसाठी अ‍ॅसिडची बाटली आणायला सांगितली, म्हणून हे लिहावं लागतंय. सुरुवात त्या बाटलीपासूनच.

बाजारातलं फरशी धुण्याचं अ‍ॅसिड म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक. कोटा हा चुनखडीचा दगड आहे. त्यावर हे अ‍ॅसिड पडलं की बारीक फेस येतो. तो फेस म्हणजे मळ निघत नसतो, दगडच विरघळत असतो. खात्री करायची असेल तर कोट्याच्या उरलेल्या तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून पाच-दहा मिनिटांनी पुसा. तेवढ्या जागेची चमक गेलेली दिसेल. मोझेकचंही तेच, कारण त्यातल्या चिप्स संगमरवराच्या असतात आणि त्यांना धरून ठेवतं ते सिमेंट. दोन्हींना अ‍ॅसिड चालत नाही.

अ‍ॅसिडने धुतल्यावर पहिले काही दिवस पकड आल्यासारखी वाटते हे खरं आहे. मेसेज पसरतो तो याच अर्धसत्यावर. पृष्ठभाग खरखरीत होतो, पण त्याच खाचांमध्ये साबण, तेलकटपणा आणि शेवाळ बसतं आणि फरशी पुन्हा निसरडी होते. आता ती घासूनही नीट निघत नाही. शिवाय दर वेळी सांध्यातलं सिमेंट थोडं थोडं जातं. मग पाणी फरशीखाली उतरतं आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल दिसते. ती दिसते तेव्हा दोष प्लंबरला दिला जातो, बाटलीला नाही.

विट्रिफाइड टाइलचं अंग या अ‍ॅसिडला जवळजवळ दाद देत नाही, म्हणजे तिथे पकडही येत नाही. झीज होते ती सांध्यात भरलेल्या सिमेंटच्या ग्राउटची. आणि अ‍ॅसिड धुतल्याधुतल्या कोणी ब्लीच टाकलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो श्वसनाला घातक आहे. हा सल्ला देणाऱ्याला याची कल्पना नसावी, असं समजून सोडून देऊ.

बसवलेली टाइल अचानक निसरडी वाटायला लागली असेल तर बऱ्याचदा कारण पुसण्यात असतं. बादलीत फिनाइल किंवा साबण जास्त पडतो, मग साध्या पाण्याने पुसलंच जात नाही, आणि वर पातळ थर साचतो. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून ब्रशने घासा, दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा आणि वायपरने पाणी ओढा. त्यानंतरही पाय सरकत असेल तर दोष टाइलच्या फिनिशमध्ये आहे.

फिनिश, कारण घसरणं दगडाच्या जातीवर ठरत नाही. पाय आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा तयार होतो. पृष्ठभाग खरखरीत असेल तर तो पडदा फोडून पाय टेकतो, गुळगुळीत असेल तर पाय पाण्यावरच राहतो. पॉलिश केलेली विट्रिफाइड ओली झाली की घसरते, हे मेसेजमधलं म्हणणं मान्य. पण मिस्त्रीकडून शेवटच्या बारीक पॉलिशच्या दगडापर्यंत घासून, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर लावून आरशासारखा केलेला कोटासुद्धा ओला झाला की तितकाच फसवतो. वर मेण किंवा लॅकर चढवलं असेल तर बघायलाच नको. न घासलेला, रफ कोटा जिना आणि अंगणासाठी उत्तम. पण जिथे रोज पाय पडतात ती वाट काही वर्षांनी गुळगुळीत होते. मोझेकही कितव्या दगडापर्यंत घासलं यावर अवलंबून आहे.

आता आर९. इथे मेसेज उलटाच सांगतो. हा आकडा डीआयएन ५११३० या जर्मन चाचणीचा. तेल ओतलेल्या उतारावर बूट घातलेला माणूस चालतो, उतार वाढवत नेतात आणि तो घसरायला लागतो तो कोन मोजतात. आर९ म्हणजे ६ ते १० अंश, आर१० म्हणजे १० ते १९, आर११ म्हणजे १९ ते २७, आणि आर१३ ला ३५ च्या वर. म्हणजे आर९ ही यादीतली सगळ्यात खालची पायरी आहे. कोरड्या हॉलला ती चालते, बाथरूमला नाही. अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी आहे, डीआयएन ५१०९७. साबणाच्या पाण्यावर, ए, बी आणि सी अशा चढत्या वर्गांत. शॉवरच्या जागेला ‘बी’ लागतं. विक्रेत्याकडे हेच विचारा. ‘मॅट आहे ना साहेब’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण काही मॅट टाइल हाताला खरखरीत लागतात आणि ओल्या झाल्या की सरकतात. सॅम्पल जमिनीवर ठेवा, पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब टाका, काउंटर घट्ट धरून अनवाणी टाच पुढे ढकलून बघा. बाथरूमला १ फूट बाय १ फूट किंवा त्याहून लहान टाइल घेतली तर जाळीकडे ढाळ नीट देता येतो, आणि जास्त सांधे म्हणजे जास्त पकड.

स्वस्ताबद्दल. कोट्याची लादी स्वस्त मिळते, ते खरं. पण १०० चौरस फुटांचा हिशोब मांडा. कोटा कापछाटीसाठी सुमारे ११० फूट घ्यायचा, खाली सिमेंट-वाळूच्या मालाचा जाड थर, मग सांधे भरणं, मशीनने तीन-चार वेळा घासणं, भिंतीलगतच्या कडा हाताच्या मशीनने, आणि घासण्याचा राडा उचलणं. ही मजुरी लादीच्या भावात धरलेली नसते. रफच ठेवणार असाल तरच कोटा खरोखर स्वस्त पडतो. ६०० बाय ६०० मिमीच्या टाइलला १०० फुटांत साधारण २६ नग बसतात. कापछाट धरून २९. चारची पेटी असेल तर ८ पेट्या, म्हणजे ३२. उरलेल्या ३ परत करू नका, पुढे एखादी फुटली तर त्याच शेडची मिळणार नाही. जमीन समतल असेल तर २० किलोच्या दोन गोण्या अ‍ॅडहेसिव्ह पुरतं. मोझेक आज या तिघांत सगळ्यात कटकटीचं, कारण घासल्यावर दिसणारी भोकं सिमेंटच्या लगद्याने भरून, पाणी मारून, पुन्हा घासावी लागतात आणि हे जाणणारे कारागीर कमी राहिलेत.

शंभर वर्षांचं काय? कोटा मऊ आहे, चपलेखालच्या वाळूने ओरखडतो. पण जाडी २०-२५ मिमी असल्यामुळे तो पुन्हा घासता येतो, मोझेकही. वर नक्षी छापलेल्या ग्लेझ्ड विट्रिफाइडचा थर एक मिलिमीटरहून पातळ; तो गेला की टाइल बदलायची. डबल चार्ज प्रकारच्या विट्रिफाइडमध्ये रंग ३-४ मिमी खोल असतो. मात्र विट्रिफाइड बिघडते ती बहुतेक बसवण्यात. ती पाणी जवळपास शोषत नाही, ०.५ टक्क्याहून कमी, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या लगद्यावर नीट धरत नाही. त्यात मिस्त्रीने चार कोपऱ्यांवर आणि मध्ये असे पाच गोळे ठेवून टाइल दाबली आणि सांधाच ठेवला नाही, तर खाली पोकळी राहते. उन्हाळ्यात दोन टाइल एकमेकींना रेटून तंबूसारख्या वर येतात त्या यामुळेच. अ‍ॅडहेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पसरायला लावा, २-३ मिमीचे स्पेसर घाला, आणि शेवटचे पैसे देण्याआधी प्रत्येक टाइलवर नाणं वाजवून बघा. जिथे पोकळ वाजेल ती टाइल ग्राउट भरायच्या आत काढून पुन्हा बसवायला सांगा.