नायट्रेटच्या नायट्रोजनला पाच बंध नसतात

"लुइस रचनेची एकच ट्रिक लक्षात ठेवा. मधल्या अणूचा फॉर्मल चार्ज शून्य येईपर्यंत दुहेरी बंध वाढवत जा. नायट्रेट असो की सल्फेट, दोन दुहेरी बंध आले की रचना बरोबर. नाहीतर चूक. आणि रेझोनन्स म्हणजे ते दुहेरी बंध एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर सतत उड्या मारतात, बस. अकरावीच्या सगळ्या ग्रुपवर पाठवा."

नवी पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत अकरावी-बारावीच्या मुलांच्या फोनवर हा मजकूर फिरतो आहे. मी इथे रसायनशास्त्र शिकवतो, आणि वह्या तपासताना त्याचे परिणाम मला दिसतात.

आधी नायट्रेट घेऊ, कारण खरं नुकसान तिथे होतं. नायट्रोजनचे बाहेरच्या कक्षेतले 5 इलेक्ट्रॉन, तीन ऑक्सिजनचे 18 आणि आयनवरच्या ऋण प्रभाराचा 1, असे एकूण 24. ट्रिकप्रमाणे नायट्रोजनला दोन ऑक्सिजन दुहेरी बंधाने आणि एक एकेरी बंधाने जोडला, की बंध झाले पाच, म्हणजे 10 इलेक्ट्रॉन. दुहेरी बंधवाल्या दोन ऑक्सिजनवर दोन-दोन लोन पेअर, ते 8. एकेरी बंधवाल्यावर तीन, ते 6. बेरीज 24. आता फॉर्मल चार्ज काढा: बाहेरचे इलेक्ट्रॉन, वजा लोन पेअरमधले इलेक्ट्रॉन, वजा बंधांची संख्या. नायट्रोजन 5 − 0 − 5 = 0. दुहेरी बंधवाले ऑक्सिजन 6 − 4 − 2 = 0. एकेरी बंधवाला 6 − 6 − 1 = −1. एकूण −1.

सगळं जुळलं. म्हणूनच मुलं ठामपणे सांगतात, "सर, चूक कुठंय ते दाखवा." चूक नायट्रोजनभोवती आहे. तिथे 10 इलेक्ट्रॉन झालेत. नायट्रोजन दुसऱ्या आवर्तातला. त्याच्याकडे एक 2s आणि तीन 2p, अशी चारच ऑर्बिटल आहेत, आणि चार ऑर्बिटलमध्ये 8 च्या वर इलेक्ट्रॉन मावत नाहीत. पुढची 3s, 3p ऊर्जेने इतकी वर आहेत की बंधासाठी त्यांचा उपयोग नाही. इलेक्ट्रॉनांची बेरीज आणि एकूण प्रभार जुळले, तर हिशेबात इलेक्ट्रॉन हरवला नाही एवढंच कळतं. असा अणू असू शकतो का, हे त्यावरून कळत नाही. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन यांच्यासाठी ऑक्टेटची मर्यादा आधी पाळायची. फॉर्मल चार्ज त्यानंतर बघायचा, तोही त्या मर्यादेत बसणाऱ्या रचनांपैकी निवड करायला.

मग बरोबर रचना कशी काढायची? तिन्ही ऑक्सिजन एकेरी बंधांनी जोडा, 6 इलेक्ट्रॉन गेले. उरलेले 18 प्रत्येक ऑक्सिजनला 6 याप्रमाणे वाटा. ऑक्सिजनांचं ऑक्टेट पूर्ण झालं, पण नायट्रोजनभोवती फक्त 6 आहेत. म्हणून एका ऑक्सिजनची एक लोन पेअर नायट्रोजनकडे वळवून दुहेरी बंध करा. नायट्रोजनचे 8 झाले. इथे थांबायचं. फॉर्मल चार्ज येतो नायट्रोजनवर +1, दुहेरी बंधवाल्या ऑक्सिजनवर 0, बाकी दोघांवर −1. एकूण −1.

या +1 ची मुलांना भीती वाटते. वाटायचं कारण नाही. अमोनियम NH₄⁺ मध्ये नायट्रोजनला चार बंध असतात, तिथेही +1 च येतो आणि तो कुणाला खटकत नाही. काहीजण विचारतात, नायट्रेटमध्ये नायट्रोजन +5 असतो ना, मग पाच बंध का नाहीत? तो +5 ऑक्सिडेशन नंबर आहे. तो काढताना बंधातले सगळे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या नावावर धरतात, फॉर्मल चार्ज काढताना अर्धे-अर्धे वाटतात. बंधांची संख्या ही तिसरीच गोष्ट. नायट्रेटच्या एकाच नायट्रोजनसाठी या तीन संख्या +5, +1 आणि 4 आहेत.

आता उड्यांचं बघू. दुहेरी बंध कोणत्या ऑक्सिजनला द्यायचा याच्या तीन तऱ्हा आहेत, म्हणून आपण तीन चित्रं काढतो. पण आयन एकच आहे आणि तो या तिन्हींपैकी एकाही चित्रासारखा कधीच नसतो. सोडियम नायट्रेटच्या स्फटिकात तिन्ही N–O बंधांची लांबी सारखीच, सुमारे 124 पिकोमीटर भरते. नायट्रिक आम्लाच्या वाफेत मात्र हायड्रोजन ज्या ऑक्सिजनला चिकटलेला असतो, त्याचा बंध सुमारे 141 आणि बाकी दोन सुमारे 120 असतात. बंध वेगवेगळे असले की मोजमापात ते असे दिसतात.

यावर चांगला विद्यार्थी विचारतो, उड्या फार वेगाने होत असतील आणि आपल्याला सरासरीच दिसत असेल तर? याचं उत्तर इन्फ्रारेड वर्णपटात मिळतं. तिन्ही बंध एकदम ताणले आणि आखडले जातात ते नायट्रेटचं कंपन 1050 cm⁻¹ च्या आसपास रामन वर्णपटात ठळक दिसतं. मोकळ्या, सममित आयनाच्या इन्फ्रारेड वर्णपटात ते नसतं, कारण तीन सारखे बंध एकत्र हलले की आयनाचा द्विध्रुव आघूर्ण बदलत नाही. एक बंध दुहेरी आणि दोन एकेरी असते, तर तो बदलला असता आणि रेषा दिसली असती. म्हणजे कंपनाच्या त्या अतिशय छोट्या काळातही तिन्ही बंध सारखेच असतात. प्रत्येकाचा बंधक्रम 4/3, आणि कागदावरच्या हिशेबाने प्रत्येक ऑक्सिजनवर −2/3. म्हणूनच चित्रांमध्ये ↔ हा बाण काढतात. समतोलाचा ⇌ काढला, तर आयन एका रूपातून दुसऱ्या रूपात जातो असा अर्थ होतो, आणि तो चूक आहे.

सल्फेटचं प्रकरण वेगळं आहे. सोलापुरात टॉवेलचं सूत रंगवताना रिॲक्टिव्ह रंगांबरोबर ग्लॉबर सॉल्ट वापरतात, ते सोडियम सल्फेटच. त्यातल्या आयनात 6 + 24 + 2 = 32 इलेक्ट्रॉन आहेत. चारही ऑक्सिजन एकेरी बंधांनी जोडले तर 8, आणि प्रत्येकावर तीन लोन पेअर म्हणजे 24. सगळ्यांचं ऑक्टेट पूर्ण. सल्फरवर +2, प्रत्येक ऑक्सिजनवर −1, एकूण −2. दोन दुहेरी बंध काढले तर सल्फरवर 0 येतो, दोन ऑक्सिजनवर 0 आणि दोघांवर −1, आणि अशी सहा चित्रं काढता येतात. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत ही दुसरी रचना छापलेली असते, त्यामुळे परीक्षेत ती काढणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. पण पहिली चूक आहे हे म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

दुहेरी बंधांच्या बाजूचा जुना पुरावा बंधाच्या लांबीचा होता. सल्फेटमध्ये S–O सुमारे 149 पिकोमीटर, तर सल्फ्युरिक आम्लातला S–OH सुमारे 157. बंध आखूड आहे, तेव्हा सल्फरची 3d ऑर्बिटल वापरून तो थोडा दुहेरी झाला असणार, असं मानलं गेलं. नंतरच्या गणनांत बंधामधला 3d चा वाटा अगदी थोडा निघाला. 2012 मध्ये पोटॅशियम सल्फेटच्या स्फटिकातली इलेक्ट्रॉन घनता क्ष-किरणांनी मोजली, तेव्हाही चारही बंध अतिशय ध्रुवीय, एकेरी बंधांना जवळचे आढळले. बंध आखडतो तो मुख्यतः धन सल्फर आणि ऋण ऑक्सिजन यांच्यातल्या ओढीमुळे. म्हणजे घाबरून पुसून टाकलेला तो +2 च प्रत्यक्षाच्या जास्त जवळ आहे. शिवाय चारही बंध सारखे का, हे त्या एकाच चित्रात दिसतं. त्यासाठी सहा चित्रं लागत नाहीत.

फॉस्फेटलाही हेच लागू होतं: चार एकेरी बंध काढून फॉस्फरसवर +1 ठेवला, तर ऑक्टेट पूर्ण असतं आणि एकूण प्रभार −3 च येतो.