पिंपाच्या तोंडून

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला वस्तू बोलती कशी करायची हे वेगळं शिकवावं लागत नाही. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', 'पडक्या वाड्याचे मनोगत', 'मी छत्री बोलतेय' हे सगळं आपण दहा मार्कांसाठी करून बसलेलो असतो. साचा ठरलेला. संध्याकाळची वेळ, आपण एकटेच, कुठून तरी हुंदका ऐकू येतो. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मग वस्तू म्हणते, "ओळखलं नाहीस ना मला?" आणि थेट जन्मापासून सुरू करते. कारखाना, दुकान, वैभवाचे दिवस, अडगळीची खोली, आणि शेवटी मानवजातीला संदेश. संदेश विसरलात तर बाई मार्क कापायच्या.

त्यामुळे बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या रविवारच्या लेखनवर्गात सर म्हणाले, "पुढच्या वेळी रोजच्या वापरातल्या एका वस्तूच्या तोंडून कविता लिहून आणा," तेव्हा सगळ्या वर्गाला हायसं वाटलं. आधीच्या आठवड्यात निसर्गकविता होती आणि तिच्यात बरेच जण जायबंदी झाले होते.

पुढच्या रविवारी एक गोष्ट ध्यानात आली. बेळगावात वस्तूला तोंड फुटलं की ती दुसऱ्या कडव्यात सीमाप्रश्नावर येते. निवृत्त गुरुजींची दुकानाची पाटी आली. शहापूरच्या एका काकांचं रेल्वे गेट दोन भावांना वेगळं करून रडत होतं. कुंद्याचा खोकासुद्धा सुटला नाही. पुण्याच्या गाडीत चढल्यावर त्याला आपल्या राज्यात निघाल्यासारखं वाटायचं. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "१९५६ पासून भांडतोय, पुढेही भांडूया की. पण गुरुजी, हे सगळं पाटीला कसं कळलं? ती पेपर वाचते?"

गुरुजी दुखावले. सरांनी त्यांना एकच विचारलं, पाटीच्या अंगाशी आजवर काय काय झालंय? गुरुजी नाखुशीनं सांगू लागले. रंग दिला. काही वर्षांनी पुन्हा दिला. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यानंतर एकदा दिला. "आता पाटीच्या बाजूनं सांगा," सर म्हणाले. "शिडी लागली. पॉलिश पेपरनं अंग घासलं. गार रंग आला. खालचं जुनं अक्षर मात्र ऊन तिरपं पडलं की अजून उमटतं. एवढंच. पाटीला मत नसतं गुरुजी, थर असतात. ते नीट दाखवलेत तर वाचणारा आपला आपण भांडायला उठेल." गुरुजींनी तीन कडव्यांवर रेघ मारली, पण पेन इतकं दाबून की मागच्या पानावरची निसर्गकविताही गेली.

माझी वस्तू पिंप होती. आमच्या मागच्या दारी २०० लिटरचं निळं पिंप आहे, उद्यमबागेतल्या कुठल्या तरी कारखान्यातून निघालेलं, जुन्या बाजारातून आणलेलं. नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा घरात आमच्या ह्यांच्या खालोखाल मान त्या पिंपाला. माझ्या कवितेत ते विरहिणी होतं. नळाच्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं, काळीज कोरडं पडलं होतं, वगैरे. मला स्वतःला ती फार आवडली होती. अजूनही आवडते.

सरांनी 'डोळे' आणि 'काळीज' यांच्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. "पिंपाला डोळे कुठे असतात?"

"कवितेत असतात, सर."

"मग पिंप कशाला? शेजारच्या काकू घ्या की."

सरांची कसोटी अशी होती: ओळीतलं पिंप काढायचं आणि तिथे घागर, टाकी किंवा काकू घालून वाचायचं. ओळ तशीच चालली तर ती पिंपाची नाही. माझ्या वीसपैकी एकोणीस ओळी काकूंना चपखल बसल्या. विसावीत 'निळं' होतं म्हणून ती वाचली.

मग मागच्या दारी पाट टाकून पिंपाचा अभ्यास सुरू झाला. सासूबाईंनी दोनदा येऊन बघितलं आणि काही न बोलता आत गेल्या. पण बसल्यावर पिंपाचं एकेक कळायला लागलं. त्याला दिसत नाही. झाकण असतं, आत अंधार. त्याला कळतं ते स्पर्शानं आणि आवाजानं. पाईप टाकला की आधी घुमतं, आणि पाणी वर चढत जाईल तसा आवाज बारीक होत जातो, कारण वरची मोकळी जागा कमी होत जाते. म्हणून तर आम्ही स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावर "भरलं, भरलं" म्हणत पळत सुटतो. पाणी किती उरलं हे त्याला मगावरून कळत असणार: पहिल्या दिवशी मग काठावरच बुडतो, चौथ्या दिवशी खांद्यापर्यंत हात आत येतो. आणि कितीही घासलं तरी आधीच्या मालाचा एक वास तळाशी राहतोच. यातलं काही काकूंना लागू होत नाही. (वासाचं मी ठामपणे सांगत नाही.)

एवढं जमल्यावर सर म्हणाले, "आता बोलतंय कुणाशी? आणि आजच का?" आत्मवृत्तात हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे वस्तू परीक्षकाशी बोलते. सरांनी दिवाकरांच्या नाट्यछटांचा दाखला दिला. त्यांनी १९११ पासून लिहिलेल्या त्या छटांत एकच माणूस बोलतो, पण समोर कुणीतरी असतं. त्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, "काय म्हणालात? छे, छे!" अशा उत्तरांवरून ते कळतं. तसा एक ऐकणारा मिळाला की वस्तू जन्मकथा सांगत नाही. सांगायला वेळच नसतो तिला.

माझा ऐकणारा आपल्या पायांनी चालत आला. आरोग्य खात्याच्या ताई डेंग्यूच्या तपासणीला आल्या, झाकण उचललं, बॅटरी मारली. उजेड पडताच आतल्या अळ्या वळवळत खाली पळाल्या. डासाची अंडी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून, घासून, कोरडं करायचं असतं. "खाली माड्री," ताई कन्नडमध्ये म्हणाल्या, म्हणजे रिकामं करा. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. पाणी कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून तर पिंप भरून ठेवायचं, आणि भरून ठेवलं म्हणून ओतायचं! दोघींचा वाद अर्धा कन्नड, अर्धा मराठी असा रंगला. मी मधे पडले नाही. मी वही आणायला पळाले.

उरली अडचण व्याकरणाची. पिंप नपुंसकलिंगी. 'मी भरलो' म्हटलं तर पिंपाला मिशा फुटतात, 'मी भरले' म्हटलं तर ते पुन्हा विरहिणी होतं, आणि 'मी भरलं' असं तर कुणीच बोलत नाही. सासूबाईंना यात काही अडचण दिसेना. "मी बाईमाणूस असून 'येतो', 'जातो'च म्हणतो की. पिंपानं म्हटलं तर काय बिघडलं?" आमच्याकडच्या बायकांचं हे खरं आहे, पण छापल्यावर पुण्याच्या वाचकाला पिंप पुरुष वाटलं असतं. शेवटी शाळेतला कर्मणी प्रयोग कामी आला. 'मी पोळी खाल्ली' हे बाई म्हणो की बाप्या, क्रियापद पोळीच्या मागे जातं. तेव्हा क्रियापद पिंपाच्या मागे जाणारच नाही अशा, 'मी अडवलं', 'मला ठाऊक आहे', 'माझ्याकडे नाही' असल्याच वाक्यांत त्याला बोलू द्यायचं. ते बाई की बुवा हा प्रश्नच उठत नाही. फक्त या युक्तीत पिंपाला कुठे जाता-येता येत नाही. नाहीतरी ते जातं कुठे?

नाव वरच द्यायचं, कारण हे कोडं नाही. कोण बोलतंय हे ओळखण्यात वाचणाऱ्याचा जीव अडकायला नको. कविता अशी झाली:

झाकण उघडल्यावर पिंप

बॅटरी जरा बाजूला धरा ताई,
आत अंधारच बरा असतो.
पाणी किती, ते मगाला विचारा.
सोमवारी काठावर भेटायचा,
आज खांद्यापर्यंत हात आत येतो.

काय म्हणता? खाली हलतंय?
मी कुणाला बोलावलं नाही.
मी कुणाला अडवलं नाही.
झाकण लावणं माझ्याकडे नाही,
ते घरातल्या धाकट्याकडे आहे.

वास? तो यांच्या आधीचा.
किती हातांनी घासला, मला ठाऊक आहे.
त्याला नाही.

खाली माड्री म्हणता? करा की.
आडवं पाडा, उन्हात ठेवा.
फक्त नळ कधी येणार ते सांगून जा,
म्हणजे कळेल
किती दिवस घुमत राहायचं.

आधी शेवटी 'रिकामं भांडं फार वाजतं' अशा अर्थाच्या दोन ओळी होत्या. सरांनी त्या काढल्या. म्हणाले, हे पिंप नव्हे, हे तुम्ही दहा मार्कांसाठी बोलताय. 'खाली माड्री' मात्र ठेवलं. पिंपाच्या कानावर जे पडलं ते पडलं. गुरुजींनी विचारलंच, "पण संदेश काय?" शहापूरचे काका म्हणाले, "आठवड्यातून एकदा धुवा." त्यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली आणि चहा गार झाला.

घरी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली, हे मला विशेष वाटलं. मग म्हणाल्या, "चांगलं लिहिलंस. पण आमच्या पिंपात अळ्या निघाल्या हे गावभर वाचायची काय गरज होती?" समजावून पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी तडजोड म्हणून शीर्षक बदललं: 'झाकण उघडल्यावर शेजारच्यांचं पिंप'. सर भलतेच खूश झाले. म्हणाले, बोलणाऱ्यावर कितपत विश्वास ठेवायचा हा संशय आता शीर्षकातच पेरला गेलाय, फार सूक्ष्म काम केलंत. हे मी सासूबाईंना सांगितलेलं नाही. शेजारच्या काकूंना तर नाहीच.