प्रॉम्प्टर लावला की माणूस ताठतो, हे खरं आहे का?

"प्रॉम्प्टर नको, पाठ करून बोला. वाचलं की लगेच कळतं." फोनच्या पडद्यावर मजकूर सरकवणारं प्रॉम्प्टरचं ॲप लावून व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कोणी ना कोणी देतंच. माझं काम एडिटिंगचं. दिवसभर लोकांचे बोलतानाचे चेहरे मोठे करून बघते. त्यामुळे या सल्ल्याशी माझं जमत नाही. पाठ केलेलं तर त्याहून लवकर कळतं. पुढचं वाक्य आठवताना डोळे वर जातात, आवाज दहावीच्या वक्तृत्व स्पर्धेत पोचतो, आणि एक शब्द निसटला की गाडी पहिल्या स्टेशनापासून. प्रॉम्प्टरवर ताठ दिसणाऱ्या माणसाची अडचण बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असते. एक, तो जे वाचतोय ते बोलण्यासाठी लिहिलेलंच नसतं. दोन, मजकुराने माणसामागे जायचं, तर इथे माणूस मजकुरामागे धावत असतो. डोळ्यांचा प्रश्न तिसरा, आणि तो सगळ्यात सोपा. म्हणून तो आधी उरकते.

फोन हातभर अंतरावर, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटरवर धरला आणि तुम्ही लेन्सच्या ४ सेंटिमीटर खाली वाचत असाल, तर नजर जवळजवळ सहा अंशांनी खाली जाते. बघणाऱ्याला ते जाणवतं. तोच फोन स्टँडवर लावून १२० सेंटिमीटर लांब ठेवला की हा फरक दोन अंशांवर येतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. एवढंच गणित. लांबून वाचायचं म्हणजे अक्षर मोठं हवं. उभ्या फोनवर मग ओळीत दोन-तीनच शब्द मावतात, आणि ते उत्तमच, कारण डोळे डावीकडून उजवीकडे पळत नाहीत. मजकूर पडद्याच्या वरच्या भागात, लेन्सच्या लगेच खाली चार-पाच ओळी दिसेल एवढाच ठेवा. फोन आडवा केलात तर लेन्स बाजूला जाते हे बरेच जण विसरतात. मजकूर पडद्याच्या मधोमध, लेन्स कडेला, आणि आख्खा व्हिडिओभर माणूस शेजारच्याशी बोलतोय असं दिसतं. आडवंच शूट करायचं असेल तर मजकुराची अरुंद पट्टी लेन्सच्या कडेला सरकवा. बहुतेक ॲपमध्ये ती सरकते.

फोन लांब गेला की आवाजही लांब जातो. म्हणून कॉलरचा माइक हवाच, तो नसेल तर हे सगळं करण्यात अर्थ नाही. आणि स्वतःचा चेहरा दिसणारी खिडकी ॲपमध्ये बंद करता येत असेल तर करा. आपलाच चेहरा समोर असला की माणूस वाचता वाचता केस नीट करतो.

चष्मेवाल्यांसाठी एक. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर जवळचं वाचायला आपण नकळत हनुवटी वर करतो, कारण जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. व्हिडिओत तो माणूस नाक वर करून बोलतोय असं वाटतं. फोन लांब ठेवला की ही सवय बरीच कमी होते. काचेत पडद्याची चमक दिसत असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं घ्या आणि ब्राइटनेस उतरवा.

आता मुख्य गोष्ट, मजकूर.

माझ्या ओळखीच्या एक बालरोगतज्ज्ञ आहेत. पावसाळ्यात जुलाबाचे पेशंट वाढतात, म्हणून त्यांना ओआरएसवर छोटा व्हिडिओ करायचा होता. त्यांनी लिहून आणलेलं पहिलं वाक्य असं होतं:

"अतिसाराने ग्रस्त बालकांना जलसंजीवनीचे द्रावण देणे अत्यावश्यक असून, एक पाकीट १ लिटर स्वच्छ पिण्याच्या पाण्यात पूर्णपणे विरघळवून तयार केलेले द्रावण २४ तासांच्या आत वापरावे."

चूक काहीच नाही. माहितीपत्रकात शोभेल. पण हे मोठ्याने वाचून बघा. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे "वापरावे" येईपर्यंत वाक्य कुठे चाललंय ते वाचणाऱ्यालाच माहीत नसतं. प्रॉम्प्टरवर तर पुढच्या तीन ओळीच दिसतात. कुठे जोर द्यायचा ते कळत नाही, म्हणून माणूस सगळ्याच शब्दांवर सारखा जोर देतो. एकसुरी वाचन म्हणतात ते हेच. मॅडम कॅमेऱ्यासमोर दूरदर्शनच्या बातम्या द्यायला लागल्या. कॅमेरा बंद करून मी विचारलं, "मॅडम, ओपीडीत समोर आई बसलीय, तिला काय सांगता?" त्या पटकन म्हणाल्या, "अहो, अर्धं पाकीट पेल्यात टाकतात हो! मग मी ओरडते." ते ओरडणंच लिहून घेतलं:

"बाळाला जुलाब होतायत?
ओआरएस द्या.
एक पाकीट, एक लिटर पाणी.
पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर.
अर्धं पाकीट पेल्यात टाकून
ढवळायचं नाही.
आणि आज केलेलं पाणी
उद्या या वेळेनंतर
ओतून टाकायचं."

माहिती तीच आहे, आणि भर म्हणजे लोक नेमकं काय चुकतात तेही आलं. "चोवीस तास" गेलं, "उद्या या वेळेनंतर" आलं, कारण आई घड्याळ असंच लावते. (बाजारात २०० मिलीसाठीची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून मॅडमनी हातात मोठं पाकीट धरून त्यावरचा "१ लिटर" दाखवला. तो शॉट नंतर जोडला.)

मराठीत आणखी एक गोची आहे. आपण लिहितो "केले, सांगितले, असे, पाणी द्यावयाचे", आणि बोलतो "केलं, सांगितलं, असं, पाणी द्यायचं". पडद्यावर "केले" दिसलं की तोंड "केले"च म्हणतं. सवयीने "केलं" होईल असं वाटतं, तसं होत नाही, डोळा जीभेच्या पुढे असतो. म्हणून प्रॉम्प्टरच्या मजकुरात सगळीकडे अनुस्वार द्या, अगदी शुद्धलेखनवाल्या काकांना खटकलं तरी. तो मजकूर कोणी छापणार नाहीये. तुम्ही नागपूरचे असाल, सांगलीचे असाल, मालवणचे असाल, तर तुमच्या तोंडी जे येतं ते लिहा. "व" आणि "तसेच" काढा, "आणि" ठेवा. "सदर" दिसला की खोडा.

आकड्यांचंही तेच. १२५० दिसलं की मेंदू क्षणभर थांबतो, "एक हजार दोनशे पन्नास" म्हणावं की "साडेबाराशे". ५९, ६९, ७९ तर भल्याभल्यांना अडवतात. अक्षरात लिहा: साडेबाराशे, एकोणसत्तर, पावणेदोन, अडीच टक्के. इंग्रजी संक्षेपही जसे बोलता तसे देवनागरीत टाका.

ओळ कुठे तोडायची हे ॲपवर सोडू नका. ॲप जागा संपली की तोडतं, म्हणजे "अर्धं पाकीट पेल्यात टाकून ढवळायचं" आणि पुढच्या ओळीत एकटं "नाही". वाचणारा "ढवळायचं" म्हणून आवाज खाली आणतो, मग घाईने "नाही" चिकटवतो. इथे तर अर्थच उलटा होण्याची भीती. जिथे श्वास, तिथे एंटर. वर मॅडमचा मजकूर तसाच तोडलाय.

आणि आता वेग. टीव्हीच्या स्टुडिओत मजकूर फिरवायला वेगळा माणूस असतो. तो निवेदकाचं बोलणं ऐकत असतो. निवेदक थांबला की मजकूर थांबतो. १९५० च्या सुमारास अमेरिकेत पहिला प्रॉम्प्टर आला तेव्हा तो कागदाचा गुंडाळलेला रोल होता, आणि तोही पडद्यामागचा माणूस नटाच्या वेगाने फिरवायचा. फोनच्या ॲपने नेमका तो माणूस काढून टाकला. उरला ठरावीक वेग, आणि माणूस त्याच्यामागे ट्रेडमिलवर पळाल्यासारखा.

शक्य असेल तर तो माणूस परत आणा. स्वस्तातला ब्लूटूथ रिमोट घरच्या कोणाच्या हातात द्या आणि सांगा, "मी थांबले की थांबव." बोलणं ऐकून मजकूर आपोआप सरकवणारी सोय काही ॲपमध्ये असते. तिच्या भाषांच्या यादीत मराठी आहे का ते आधी बघा, आणि असली तरी इंग्रजी शब्द मध्ये आल्यावर ती अडकते का ते करून बघा. एकट्यानेच करायचं असेल तर आधी मजकूर मोठ्याने, कॅमेरा नसताना, घड्याळ लावून वाचा. दीडशे शब्दांना सव्वा मिनिट लागलं तर तुमचा वेग मिनिटाला १२० शब्द. ॲपमधला आयता आकडा वापरू नका. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात, "पाण्यातसुद्धा" हा एकच शब्द, त्यामुळे इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलेला वेग मराठीला पळवतो.

मग थांबायचं कुठे? रिकाम्या ओळी टाका. ओळीत तीन शब्द आणि मिनिटाला १२० शब्द असतील तर एक ओळ सरकायला दीड सेकंद लागतो. म्हणजे एक रिकामी ओळ ही दीड सेकंदाची शांतता. "ढवळायचं नाही" नंतर मॅडमना एक रिकामी ओळ दिली, आणि तेवढ्यात त्यांनी आपणहून मान हलवली. ते कोणी लिहिलेलं नव्हतं. कंसात "थांबा" वगैरे मात्र लिहू नका, कोणीतरी ते वाचतंच.

एक गोष्ट मी सगळ्यांकडून करून घेते. पहिलं वाक्य न वाचता म्हणायचं. तेवढं एकच पाठ. व्हिडिओ सुरू होताना बघणाऱ्याचं लक्ष डोळ्यांवर असतं, आणि वाचताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे सुरुवातीलाच टक लावलेली नजर दिसते. पहिलं वाक्य लेन्सकडे बघून गेलं की पुढे नजर मजकुरावर आली तरी चालतं. मध्ये एखाद्या ठिकाणी, रिकाम्या ओळीवर, नजर बाजूला जाऊ द्या. माणूस विचार करताना बाजूला बघतोच. आख्खा वेळ लेन्सला खिळलेले डोळे बघणाऱ्यालाच अवघडवतात.

प्रॉम्प्टर कुठे नको तेही सांगते. लाइव्ह प्रश्नोत्तरं, कोणाची आठवण सांगणं, हातांनी काही करून दाखवणं, इथे तो नडतो. ओआरएस ढवळताना मॅडमना मी काही लिहून दिलं नव्हतं, फोनमागे एक कागद चिकटवला होता, त्यावर मोठ्या अक्षरात तीनच गोष्टी: हात धुवा, पाणी मोजा, पाकीट संपवा. मधल्या टप्प्याला त्या पाणी मोजायच्या भांड्याबद्दल काहीतरी वेगळंच बोलल्या. त्यांच्याकडच्या आया दुधाच्या पिशवीने पाणी मोजतात म्हणे. अर्ध्या लिटरची पिशवी, म्हणजे दोनदा भरायची. आम्ही ते ठेवलं.